घसा बरा झाल्यावर मानेत उरणारी गाठ

घसा धरला की जबड्याच्या कोनाखाली जी गाठ हाताला लागते, ती बहुतेक वेळा सुजलेली लसिका ग्रंथी असते. इंदूरच्या मराठी घरांत तिला हिंदीच्या संगतीने सर्रास ‘गिल्टी’ म्हणतात. पायाला जखम होऊन जांघेत अशीच गाठ आली, तर जुनी माणसे तिला ‘अवधाण’ म्हणतात.

टॉन्सिलकडून येणारा लसिकाद्रव याच ग्रंथीत गाळला जातो. जंतू आले की तिथल्या पेशी झपाट्याने वाढतात, ग्रंथीचे आवरण ताणले जाते आणि तो ताण दुखतो. घसा सुधारू लागला की ताण कमी होऊन दुखणे आधी थांबते. वाढलेल्या पेशी ओसरायला मात्र आठवडे लागतात. त्यामुळे आधी दुखलेली, आता न दुखणारी, बोटाखाली सरकणारी छोटी गाठ हा बरे होण्याचाच एक टप्पा आहे. लहान मुलांत ती वाटाण्याएवढी होऊन महिनोन्‌महिने राहते.

सुरुवातीपासूनच न दुखणाऱ्या गाठीची गोष्ट वेगळी. दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण क्षयाच्या आणि कर्करोगाच्या गाठी बहुधा दुखत नाहीत. म्हणून दुखण्यापेक्षा गाठ कोणत्या दिशेने चालली आहे हे पाहणे महत्त्वाचे. मान सैल सोडून, हनुवटी किंचित त्या बाजूला वळवून, बोटांच्या पेरांनी आठवड्यातून एकदा चाचपावे. रोज दाबत राहिल्याने ती जागा हुळहुळते आणि अंदाज चुकतो. मानेतल्या ग्रंथी साधारण 1 सेंटीमीटरपर्यंत, टॉन्सिलखालची दीड सेंटीमीटरपर्यंत असली तरी सहसा चिंतेचे कारण नसते.

नमुन्यादाखल एक प्रसंग घेऊ. रामबागेतली चोवीस वर्षांची मुलगी, भंवरकुआँला कोचिंगला जाणारी. डिसेंबरात घसा धरला, पाच दिवसांत बरा झाला. जबड्याखालची दुखरी गाठ तीन आठवड्यांत हरभऱ्याएवढी उरली. पण तेल लावताना आईच्या हाताला मानेच्या बाजूला, बरेच खाली, आणखी दोन गाठी लागल्या. त्या कधीच दुखल्या नव्हत्या आणि एकमेकींना चिकटल्यासारख्या होत्या. ‘‘ही कंठमाला तर नाही ना गं?’’ आजीने विचारले. मराठीत जिला गंडमाळा म्हणतात तीच ही, म्हणजे मानेतल्या ग्रंथींचा क्षय. सहाव्या आठवड्यात त्यातली एक अडीच सेंटीमीटर झाली होती.

सोनोग्राफीत गाठी गोलसर दिसल्या. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते आणि तिच्या मध्यभागी चरबीची उजळ रेघ दिसते. इथे ती रेघ नव्हती. मग बारीक सुईने पेशी काढल्या. त्यातला थोडा भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेला, थोडा सीबीनॅट तपासणीला. या तपासणीत क्षयाचे जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हे दोन्ही कळते. जंतू सापडले, औषध चालणारे होते. घशाच्या संसर्गाशी या गाठींचा संबंध नव्हता. घसा दुखल्यामुळे हात मानेकडे गेला, एवढेच.

उपचार सहसा सहा महिन्यांचे असतात आणि सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. क्षय फक्त ग्रंथींतच असेल, तर तो घरच्यांना लागत नाही. फुप्फुसांत तो नाही ना, हे पाहायला छातीचा एक्स-रे काढतात. दुसऱ्या महिन्यात या मुलीची गाठ उलट वाढली. इथेच बरेच जण औषध निरुपयोगी समजून सोडतात. औषधांनी जंतू मरत असताना शरीराची प्रतिक्रिया चेतते, त्यामुळे असे होऊ शकते. डॉक्टरांना दाखवावे, पण गोळ्या थांबवू नयेत. क्षयाच्या गाठीला चीर देऊन पू काढू नये, कारण ती जागा महिनोन्‌महिने वाहत राहू शकते.

सगळ्याच गाठी अशा आठवडेच्या आठवडे पाहत राहता येत नाहीत. हाडाच्या खळगीत, म्हणजे गळ्याखालच्या हाडाच्या वर लागणारी गाठ लगेच दाखवावी. तिथे छातीतले आणि पोटातलेही आजार उमटतात. दगडासारखी कडक, खाली रुतून बसलेली गाठ चाळिशीपुढच्या तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याला झाली, तर आधी तोंड, जीभ आणि घसा नीट तपासायला हवा. रबरासारख्या गाठी, रात्री कपडे भिजवणारा घाम, ताप आणि सहा महिन्यांत वजन दहाव्या हिश्शाहून जास्त घटणे यांवरून लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्याच कर्करोगाची शंका येते. तिथे सुईची तपासणी अपुरी पडते. पेशींची मांडणी दिसावी म्हणून बहुधा अख्खी ग्रंथी काढून पाहतात. निदान होण्याआधी कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, तर अशी गाठ काही दिवस विरघळते, तपासणीत खूण पुसट होते आणि आजार आत वाढत राहतो.