दोन एजन्सी, एकच जागा
“वाळूजच्या एकाच कंपनीत, एकाच जागेसाठी दोन एजन्सींनी माझा बायोडाटा पाठवला. चान्स डबल झाला ना?”

उलट घटला. निवड झाली की कंपनी एजन्सीला फी देते, बऱ्याचदा महिन्याच्या पगाराएवढी. एकाच मोबाइल नंबरचे दोन बायोडाटे आले की फी कुणाची, हा वाद. तो नको म्हणून एचआर कधीकधी उमेदवारालाच बाजूला ठेवतं.

जालन्याच्या माझ्या भाच्याने पहिल्या एजन्सीला सोमवारी मेलवर होकार दिला होता. दुसरीने गुरुवारी न विचारताच बायोडाटा पुढे सरकवला. त्याने तिला लिहिलं, ‘या जागेसाठी माझी संमती नाही, मागे घ्या,’ आणि प्रत पहिलीला पाठवली. तारखा बघून एचआरने पहिलीचा अर्ज धरला. होकार तोंडी असता तर अवघड होतं. आता कुणाचाही फोन आला की तो आधी कंपनीचं नाव विचारतो.