सेन्सर सारखा ‘ऑफलाइन’ होतो? आधी ब्रोकरचा लॉग पाहा

कोल्ड रूमचा सेन्सर मोबाइलवर ऑफलाइन दिसतो, थोड्या वेळाने परत येतो आणि पुन्हा जातो, अशी तक्रार आमच्याकडे बऱ्याचदा येते. यंत्र बदलायची घाई करू नका. जोडणी कोणी तोडली आणि का तोडली, हे ब्रोकर, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप घेणारा प्रोग्राम, लिहून ठेवतो.

सेन्सर जोडला जातानाच ब्रोकरला कीप-अलाइव्हची मुदत सांगतो. समजा ती १५ सेकंद आहे. तेवढ्या वेळात पाठवायला तापमान नसेल, तर सेन्सर नुसता ‘मी आहे’ असा छोटा पिंग पाठवतो. ब्रोकर दीडपट वेळ, म्हणजे साडेबावीस सेकंद थांबतो. तोवर काहीच पोचलं नाही, तर जोडणी तोडतो. मॉस्किटो ब्रोकरच्या लॉगमध्ये तेव्हा अशी ओळ दिसते:

```
Client kholi2 has exceeded timeout, disconnecting.
```

म्हापशातल्या एका मासळी व्यापाऱ्याकडे हीच ओळ रात्रभर येत होती, दिवसा मात्र क्वचितच. कारण दारात होतं. दिवसा माल आत-बाहेर होताना दार उघडं असायचं, तेव्हा वाय-फायची ताकद -७१ डीबीएम मिळायची. रात्री दार बंद झालं की ती -८६ वर यायची. आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमजोर. -८० च्या खाली गेला की भरवसा नाही. कोल्ड रूमच्या पॅनलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो आणि तो वाय-फाय अडवतो. पिंग वाटेत हरवायचा, पुन्हा पाठवेपर्यंत मुदत टळायची. आम्ही यंत्र बाहेर लावलं आणि फक्त प्रोबची वायर आत नेली. जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींनीही सिग्नल बराच पडतो; तिथे राउटरच जवळ आणावा लागतो.

कीप-अलाइव्ह वाढवून का भागवलं नाही, असं काही जण विचारतात. ६० सेकंद केल्यास ब्रोकर दीड मिनिट थांबतो आणि तक्रारी कमी होतात, हे खरं. पण सेन्सर खरोखर बंद पडला, तर तेही दीड मिनिट उशिराच कळणार. मासळीसाठी एवढं चालतं, म्हणून आम्ही ६० ठेवतो, पण सिग्नल सुधारल्यानंतरच. फार मोठी मुदतही नको: ब्रोकर इंटरनेटवर असेल, तर मधला राउटर शांत पडलेली जोडणी स्वतःच बंद करू शकतो.

लॉगमध्ये `already connected, closing old connection` असं काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा दिसलं, तर वाय-फायला दोष देऊ नका. दोन यंत्रांना एकच क्लायंट आयडी पडलाय आणि ती एकमेकांना हुसकावतायत. सेटिंगची प्रत दुसऱ्या यंत्रात टाकली की हे हमखास होतं. आणि जुने सेन्सर नीट चालतायत, नवाच जोडला जात नाही, असं असेल तर ब्रोकरच्या फाइलमधली `max_connections` ही मर्यादा पाहा.

आम्हाला फोन करताना लॉगमधल्या शेवटच्या वीसेक ओळी आणि दार बंद असतानाचा सिग्नलचा आकडा हाताशी ठेवा. दार उघडं ठेवून घेतलेला आकडा उपयोगाचा नाही.