तिरक्या फोटोतली एएम वेव्ह

भाच्याने रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सीआरओच्या, म्हणजे ऑसिलोस्कोपच्या, स्क्रीनवरच्या एएम वेव्हचा फोटो पाठवला, जरा तिरका काढलेला, कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकतेय, आणि खाली मेसेज: मामा, यावरून मॉड्युलेशन इंडेक्स 1 येतोय पण सर चूक म्हणतात.

मॉड्युलेशन इंडेक्स म्हणजे मेसेजमुळे वेव्हची जाडी किती कमी-जास्त होते त्याचं माप, आणि फोटोकडे नुसतं बघूनच कळत होतं की 1 येणार नाही. इंडेक्स 1 असतो तेव्हा वेव्हची कंबर पार चिमटली जाते, मधे जाडी उरतच नाही. याच्या फोटोत तर सगळ्यात बारीक जागीसुद्धा चांगली दोन डिव्हिजनची जाडी होती.

झालं काय होतं, त्याने स्क्रीनच्या मधल्या आडव्या रेषेपासून वरचं टोक मोजलं. फुगलेल्या जागी 2 डिव्हिजन, बारीक जागी 0, मग (2 − 0) / (2 + 0) म्हणजे 1. पण पोझिशनचं नॉब फिरलेलं होतं त्यामुळे अख्खी वेव्ह एक डिव्हिजन खाली बसली होती, म्हणजे स्क्रीनची मधली रेष ही वेव्हची मधली रेष नव्हतीच! म्हणून नेहमी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पूर्ण जाडी मोजायची, मग वेव्ह वर सरको की खाली, फरक पडत नाही. फुगलेल्या जागी 6 डिव्हिजन, बारीक जागी 2.

`m = (6 − 2) / (6 + 2) = 0.5`

गंमत म्हणजे इथे व्होल्ट्स पर डिव्हिजन किती होतं हे माहीतच लागत नाही, कारण वर खाली तेच एकक असतं आणि ते कटतं. पण म्हणून मोबाइलच्या स्क्रीनवर पट्टी लावू नका, तिरक्या फोटोत लांबच्या बाजूचे चौकोन लहान दिसतात. फोटोतलेच चौकोन मोजा, ते वेव्हबरोबरच तिरके झालेले असतात. आणि रेघ जाड असेल तर रेघेच्या मध्यापासून मोजा. बाहेरच्या कडा धरल्या आणि रेघ 0.2 डिव्हिजन जाड असली तर 6.2 आणि 2.2 मिळतात, मग इंडेक्स 0.48 च्या आसपास येतो.

अजून एक फसवणारी गोष्ट आहे ती ओव्हरमॉड्युलेशनची. कंबर चिमटल्यावर मधे परत छोटा फुगवटा दिसायला लागला तर समजायचं इंडेक्स 1 च्या वर गेला. तिथे वरची आणि खालची कड एकमेकींना ओलांडून गेलेली असते, म्हणून त्या छोट्या फुगवट्याची जाडी मायनस धरायची. समजा मोठी जाडी 5 आणि छोटा फुगवटा 1, तर (5 + 1) / (5 − 1) म्हणजे 1.5. मायनस विसरलात तर 0.67 येतं आणि वाटतं सगळं मस्त चाललंय. 😄

आता साइडबँड, म्हणजे कॅरिअरच्या, मूळ जलद लाटेच्या, दोन्ही बाजूंना मेसेजमुळे उभ्या राहणाऱ्या फ्रिक्वेन्सी. त्यासाठी टाइम पर डिव्हिजन लागतंच आणि ते नॉब फोटोत नव्हतं (असतं कधी?), विचारलं तर म्हणाला 0.2 मिलिसेकंद. एन्व्हलप, म्हणजे वेव्हची बाहेरची कड, एका फुगवट्यापासून पुढच्या फुगवट्यापर्यंत 5 डिव्हिजन, म्हणजे 1 मिलिसेकंद, म्हणजे मेसेज सिग्नल 1 किलोहर्ट्झ. एवढ्यावरच बँडविड्थ मिळाली, दुप्पट, 2 किलोहर्ट्झ, कॅरिअर किती का असेना. आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झवर, तिथे हाच 1 किलोहर्ट्झचा सूर सोडला तर 791 आणि 793 वर साइडबँड उभे राहतील आणि रुंदी तीच 2.

कॅरिअर मात्र या फोटोत मोजता येत नाही, नुसता भरीव पट्टा दिसतो. डिजिटल स्कोप असेल तर अजून घोळ, कारण टाइमबेस संथ असला की सॅम्पल कमी पडतात आणि भलत्याच फ्रिक्वेन्सीची लाट दिसते, ती मोजून भलतंच उत्तर येतं. म्हणून टाइमबेस 1 मायक्रोसेकंदवर नेऊन दुसरा फोटो काढायला सांगितला. त्यात एक सायकल 2 डिव्हिजनची, म्हणजे कॅरिअर 500 किलोहर्ट्झ, साइडबँड 499 आणि 501.

हे जर्नलमध्ये छान दिसतं, पण डोळ्याने 0.1 डिव्हिजन इकडे तिकडे होतंच ना. 2 डिव्हिजनमधे तेवढी चूक म्हणजे 5 टक्के, म्हणजे 25 किलोहर्ट्झ, आणि साइडबँड कॅरिअरपासून फक्त 1 किलोहर्ट्झवर! एका सायकलीऐवजी स्क्रीनवरच्या पाचही सायकली एकदम मोजल्या तरी चूक 5 किलोहर्ट्झच्या घरात राहते. उलट एन्व्हलपमधली तीच 0.1 ची चूक म्हणजे फक्त 20 हर्ट्झ. म्हणजे साइडबँड कॅरिअरपासून किती लांब आहेत हे फोटो बऱ्यापैकी नीट सांगतो, ते नेमके कुठे आहेत हे नाही सांगत.

मग त्याला विचारलं, जनरेटरवर काय लावलं होतंस? म्हणाला 500. म्हटलं मग साइडबँड त्यावरून काढ, आणि कॅरिअर डायलवरून घेतला असं शेजारी लिहून टाक.