क्लोरीनची घाई, ब्रोमीनची निवड

उजेडात अल्केन आणि क्लोरीन यांची क्रिया झाली तर मुख्य पदार्थ कोणता मिळेल, असं विचारलं की बरेच विद्यार्थी लगेच सांगतात: तृतीयक मूलक सर्वांत स्थिर, म्हणून क्लोरीन तिथेच बसणार. यातलं कारण खरं आहे, पण उत्तर बहुतेक वेळा चुकतं. आयसोब्युटेन हा साधा वायू घेतला तर कुठे चुकतं ते नेमकं दिसतं.

आयसोब्युटेनचं सूत्र (CH₃)₃CH. मधल्या कार्बनला तीन कार्बन जोडलेले आहेत आणि त्याच्याकडे एकच हायड्रोजन उरतो, तो तृतीयक. बाजूच्या तीन मिथिल गटांवर मिळून नऊ प्राथमिक हायड्रोजन. सुमारे २५ अंश सेल्सिअसला वायुरूपात यावर क्लोरीनची क्रिया केली, तर एकदाच क्लोरीन लागलेल्या पदार्थांत जवळपास ६४ टक्के आयसोब्युटिल क्लोराइड असतं, म्हणजे कडेच्या कार्बनवर क्लोरीन बसलेलं. मधल्या कार्बनवरचं टर्शरी ब्युटिल क्लोराइड ३६ टक्केच.

आता हाच आकडा दर हायड्रोजनमागे काढू. ६४ ला ९ ने भागलं की सुमारे ७ येतात. तृतीयक हायड्रोजन एकटाच, त्याच्या वाट्याला ३६. म्हणजे क्लोरीनला तृतीयक हायड्रोजन पाचपट सोपा जातो. स्थिरतेचा नियम पाळला गेलाच, पण पाचपट पसंती नऊपट संख्येपुढे कमी पडली.

क्लोरीनच्या जागी ब्रोमीन घ्या, तापमान १२७ अंश ठेवा. आता ९९ टक्क्यांहून जास्त टर्शरी ब्युटिल ब्रोमाइड मिळतं. दर हायड्रोजनमागे पसंती सुमारे १६०० पट, तेव्हा नऊ विरुद्ध एक या हिशेबाला काही अर्थच उरत नाही. आवर्तसारणीत एकाखाली एक असलेली ही दोन मूलद्रव्यं इतकी वेगळी का वागतात, हा मला या रसायनशास्त्रातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

प्रकाशाने हॅलोजनचा रेणू दुभंगतो आणि दोन सुटे अणू तयार होतात. अशा प्रत्येक अणूकडे एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, म्हणून तो मुक्त मूलक. (‘फ्री रॅडिकल’ म्हणजे शरीरातलं विष, असं सांगून गोळ्या विकणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. एकटा इलेक्ट्रॉन असणं एवढाच त्या शब्दाचा अर्थ, आणि आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूतही असे दोन इलेक्ट्रॉन असतात.) हा अणू अल्केनमधला एक हायड्रोजन ओढून घेतो आणि मागे कार्बनचा मूलक राहतो. तो मूलक हॅलोजनच्या दुसऱ्या रेणूतून एक अणू घेतो, उरलेला अणू पुढचा हायड्रोजन शोधतो, आणि साखळी चालू राहते. हॅलोजन कुठे बसणार ते हायड्रोजन ओढला जाताना ठरतं.

त्या क्षणाचा ऊर्जेचा हिशेब असा. प्राथमिक हायड्रोजनचा बंध तोडायला दर मोलला सुमारे ४२० किलोज्यूल लागतात, तृतीयकाला सुमारे ४००. फरक साधारण वीस. हायड्रोजन आणि क्लोरीन यांचा बंध जुळताना ४३१ किलोज्यूल सुटतात, म्हणजे दोन्ही ठिकाणी क्लोरीनचा फायदाच. ब्रोमीनला मात्र ३६६च मिळतात, म्हणून त्याला दोन्हीकडे पदरची ऊर्जा घालावी लागते: प्राथमिकाला ५४, तृतीयकाला ३४.

फायद्याच्या क्रियेत वाटेतला ऊर्जेचा माथा लवकर येतो. क्लोरीन त्या माथ्यावर पोहोचतो तेव्हा हायड्रोजनचा बंध जेमतेम ताणलेला असतो. मूलक अजून बनलेलाच नसतो, मग त्याची स्थिरता मदतीला येणार कशी? ब्रोमीनचा माथा उशिरा येतो. तिथे बंध जवळपास तुटलेला आणि मूलक जवळपास तयार असतो, त्यामुळे वीस किलोज्यूलचा फरक जवळजवळ पूर्णच जाणवतो. जॉर्ज हॅमंड यांनी १९५५ मध्ये मांडलेलं गृहीतक ते हेच. पाचपट पसंतीला माथ्यांच्या उंचीत चारेक किलोज्यूलचा फरक पुरतो. १६०० पटीला त्याच्या पाच-सहा पट फरक लागतो. वेग या फरकाच्या घातांकी प्रमाणात बदलतो, म्हणून थोड्या किलोज्यूलनी एवढी मोठी तफावत पडते.

ब्रोमीनची क्रिया डोळ्यांनाही दिसते. अंधारात त्याचा तांबूस रंग तसाच राहतो. उजेडात तो हळूहळू फिका होतो आणि दमट हवेत हायड्रोजन ब्रोमाइडचा धूर दिसतो. क्लोरीनच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: तयार झालेल्या पदार्थावरच तो पुन्हा तुटून पडतो आणि दोन-तीन क्लोरीनवाले रेणू बनतात. ते टाळायचं तर अल्केन भरपूर जास्त घ्यावं लागतं.

ब्रोमीनच्या निवडीलाही मर्यादा आहे. सरळ साखळीच्या हेक्झेनमध्ये तो टोकांचे सहा प्राथमिक हायड्रोजन जवळपास सोडूनच देतो, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनवरचे हायड्रोजन दोन्ही द्वितीयक, त्यांचे बंध जवळपास सारखेच. तिथे त्याला निवडण्याजोगं काही नसतं, आणि २-ब्रोमोहेक्झेन व ३-ब्रोमोहेक्झेन यांचं मिश्रण हाती येतं.