जिन्याची दोन बटणं आणि एक स्मार्ट रिले

जिन्याच्या दिव्याला ॲपवरून चालणारा स्मार्ट रिले लावायचा म्हटलं की बरेच वायरमन सांगतात, "टू-वेला ते चालत नाही, एक बटण काढावं लागेल." ही समजूत चुकीची आहे. टू-वे म्हणजे जिन्याच्या खाली आणि वर, एकाच दिव्याची दोन बटणं. ती दोन्ही जागेवर राहतात आणि ॲपही चालतं. फक्त बटणांचं काम बदलतं.

नेहमीच्या जोडणीत फेज खालच्या बटणाच्या कॉमन स्क्रूला येते. तिथून दोन वायरी वरच्या बटणापर्यंत जातात आणि वरच्या कॉमनमधून निघालेली वायर दिव्याला मिळते. दोन्ही बटणं एकाच वायरीवर असली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असली की विझतो. म्हणून कुठलंही बटण दाबलं की स्थिती उलटते.

सर्रास होणारी चूक म्हणजे दिव्याला जाणारी हीच वायर रिलेच्या L टर्मिनलला जोडणं. मग बटणाने दिवा विझवला की रिलेचाच वीजपुरवठा तुटतो आणि ॲपवर तो ऑफलाइन दिसतो. रिलेला फेज आणि न्यूट्रल कायम हवेत. म्हणून रिले वरच्या बोर्डात बसवायचा. वरच्या कॉमनची वायर रिलेच्या, बटणाची खूण घेणाऱ्या SW टर्मिनलला द्यायची आणि रिलेच्या O मधून दिव्याला वायर न्यायची. L आणि I या दोन्हींना कायमची फेज, N ला न्यूट्रल. दिव्याचा करंट आता बटणांतून जातच नाही. ती रिलेला फक्त "फेज आहे" किंवा "फेज नाही" एवढंच कळवतात.

आता खरी गंमत. समजा SW वर फेज नाही आणि दिवा बंद आहे. तुम्ही ॲपवरून दिवा लावला. मग खालचं बटण दाबलं आणि SW वर फेज आली. रिले जर SW ची स्थिती जशीच्या तशी पाळत असेल, तर फेज आली म्हणजे "लाव" असं तो समजेल. दिवा आधीच लागलेला आहे, त्यामुळे काहीच होणार नाही आणि तो विझवायला बटण पुन्हा दाबावं लागेल. रिलेने SW ची स्थिती पाहायची नाही, बदल पाहायचा. फेज आली किंवा गेली, दोन्ही वेळा अर्थ एकच, दिवा उलटा कर. टू-वे जोडीत कुठलंही बटण दाबलं की SW वर नेमका एक बदल होतो, म्हणून ही युक्ती दोन्ही बटणांना तंतोतंत लागू पडते. शेली कंपनीच्या जुन्या रिलेत या सेटिंगचं नाव `Edge` आहे, नव्यांत `in_mode` ची किंमत `flip` ठेवायची. टास्मोटा फर्मवेअर असलेल्या रिलेत आज्ञा अशी:

```
SwitchMode1 0
```

हा निर्णय रिलेच्या आतच होतो, म्हणून वाय-फाय बंद पडलं तरी दोन्ही बटणं चालतात.

कधी कधी बटण दाबलेलं रिलेला कळतच नाही, किंवा दिवा आपोआप लागतो. कारण दोन बटणांमधल्या त्या दोन वायरींतच आहे. एकीवर फेज असते, दुसरी मोकळी, आणि दोघी एकाच पाइपातून शेजारी शेजारी जातात. दहाएक मीटरमध्ये त्यांचा साधारण 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर तयार होतो. 50 हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे 32 लाख ओहम. त्यातून येणारा करंट नगण्य, पण SW ला तेवढाही पुरू शकतो. जुन्या जोडणीत बंद केलेला एलईडी रात्री मिणमिणतो तोही बहुतेक वेळा याच करंटमुळे. त्यासाठी लिंबू-मिरची टांगण्याची गरज नाही. उपाय म्हणून SW आणि न्यूट्रल यांच्यामध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा, X2 दर्जाचा आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, लावावा. त्याचा अडथळा साधारण 32 हजार ओहम, म्हणजे शंभरपट कमी. त्यामुळे मोकळ्या वायरीवर येणारं व्होल्टेज दोनतीन व्होल्टांवर उतरतं.

वरच्या बोर्डातली फेज आणि न्यूट्रल खालच्या बटणाच्याच सर्किटमधली हवी. थ्री-फेज घरात दोन मजले वेगवेगळ्या फेजवर असू शकतात. तसं असेल तर SW आणि L यांच्यात 400 व्होल्ट येतात आणि एक एमसीबी पाडूनही बोर्डात जिवंत वायर राहते. न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीचा घेतला, तर दिवा लागताच आरसीसीबी पडेल, कारण तो फेज आणि न्यूट्रलमधला करंट सारखा आहे का तेच पाहतो. साधा निऑन टेस्टर मोकळ्या वायरीवरही उजळू शकतो आणि साधा डिजिटल मल्टिमीटरही तिथे फसवं व्होल्टेज दाखवू शकतो, म्हणून कमी अडथळ्याचा LoZ मोड असलेल्या मल्टिमीटरने तपासा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

काही रिलेंवर SW ऐवजी S1 आणि S2 असतात. त्यांना फेज द्यायचीच नसते, दिली तर रिले जळू शकतो. बटणांच्या जोडीची दोन्ही टोकं त्यांना द्यावी लागतात, आणि खालच्या कॉमनवरून वर येणारी तिसरी वायर जिन्यात सहसा नसते. म्हणून या जोडणीसाठी SW वाला रिलेच घ्यावा. लाइट जाऊन आल्यावर दिवा कोणत्या स्थितीत यावा हेही ॲपमध्ये ठरवून ठेवा. मी "बंद" ठेवतो, म्हणजे रात्री दोनला लाइट आली तरी दिवा सकाळपर्यंत जळत राहत नाही.