बंदी खेळावर नव्हती, मैदानावर होती

नाशिकमध्ये मुलींचा फुटबॉल संघ उभा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो मैदानाचा. गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथे क्रिकेटवाले आणि सकाळ-संध्याकाळ चालायला येणारे यांची आधीच दाटी. शाळा-कॉलेजची मैदानं ज्यांच्या ताब्यात, त्यांची मर्जी. ही अडचण आपल्या गावापुरती वाटते, पण महिला फुटबॉलचा जगभरचा इतिहास पाहिला तर तो याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे. ज्या इंग्लंडमध्ये या खेळाचे नियम लिहिले गेले, तिथे बायकांच्या फुटबॉलचा गळा आवळला गेला तो मैदानं काढून घेऊनच.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांमध्ये दारूगोळा बनवायला बायका आल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, कर अँड कंपनीच्या कारखान्यातही त्या होत्या. सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे क्रिकेट संघ असतात ना, तसाच हा कामगारांचा संघ, फक्त बायकांचा आणि फुटबॉलचा. 1917 च्या नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर त्यांनी जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी पहिला मोठा सामना खेळला. दहा हजार लोक तिकीट काढून आले.

युद्ध संपलं, तरी गर्दी ओसरली नाही. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज आणि सेंट हेलेन्स यांच्यात सामना झाला. आत 53,000 प्रेक्षक होते आणि हजारो लोक जागा नाही म्हणून फाटकातून परत गेले. तीन हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली. या संघात लिली पार नावाची डाव्या पायाची मुलगी होती, जेमतेम पंधरा वर्षांची. तिच्या फटक्याची ताकद पुरुष खेळाडूंनाही थक्क करायची. 1921 मध्ये संघाने नोकरी सांभाळून साठाहून जास्त सामने खेळले.

मग 5 डिसेंबर 1921 ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. फुटबॉल हा खेळ स्त्रियांसाठी अगदीच अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी बायकांच्या सामन्यांना आपली मैदानं देऊ नयेत. ठरावात दुसरंही एक कारण होतं: जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो, धर्मादायाला पुरेसा पोचत नाही. डिक, करच्या मुलींना सामन्यामागे बुडालेल्या रोजाची भरपाई म्हणून दहा शिलिंग मिळत. हजारो पौंडांच्या हिशेबात ते कुणाच्या डोळ्यांवर आले असतील, हे मला तरी पटत नाही. त्याच वर्षी कोळसा खाणींमध्ये टाळेबंदी होती आणि बायकांचे सामने खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी पैसे जमवत होते. काही इतिहासकार बंदीमागे हेही कारण पाहतात. वैद्यकीय मतही हाताशी होतं. मेरी शार्लीब या लंडनच्या नामांकित डॉक्टरांनी हा खेळ स्त्रीच्या शरीराला झेपणारा नाही असं सांगितलं होतं.

ठरावाची खुबी त्याच्या शब्दांत आहे. खेळू नका असं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पण कुंपण, तिकीटखिडकी, प्रेक्षकांच्या पायऱ्या आणि कपडे बदलायच्या खोल्या असलेली जवळपास सगळी मैदानं असोसिएशनच्या क्लबांकडे होती. बायकांना मैदान दिलं तर संलग्नता धोक्यात, मग कोणता क्लब ते धाडस करणार? मोकळ्या बागेत खेळायला मनाई नव्हती, पण बागेत तिकीट लावता येत नाही, आणि तिकीट नाही तर प्रवासाचा खर्च नाही, भरपाई नाही, वर्तमानपत्रात बातमीही नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये बायकांचे दीडशेच्या आसपास संघ होते असं सांगतात. बहुतेक काही वर्षांत विरून गेले.

डिक, कर मात्र चिवट निघाल्या. 1922 मध्ये त्या बोटीने अमेरिका खंडात गेल्या. कॅनडाच्या संघटनेने त्यांना खेळू दिलं नाही. अमेरिकेत उतरल्यावर कळलं की समोर पुरुषांचे संघ आहेत. नऊ सामन्यांत तीन जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीत सुटले. पुढे प्रेस्टन लेडीज या नावाने हा संघ 1965 पर्यंत तग धरून होता.

इतर देशांनी हाच कित्ता आपापल्या पद्धतीने गिरवला. ब्राझीलने तर सरळ कायदा केला. 1941 च्या हुकमाने स्त्रियांना त्यांच्या 'प्रकृतीशी विसंगत' खेळ खेळायला बंदी आली, ती 1979 पर्यंत टिकली. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने 1955 मध्ये क्लबांना मनाई केली. ती 1970 मध्ये उठवताना अटी घातल्या: सामना सत्तर मिनिटांचा, चेंडू लहान, बुटांना खिळे नकोत आणि थंडीत खेळ बंद. त्याच जर्मन महिलांनी 1989 मध्ये युरोपचं विजेतेपद पटकावलं, तेव्हा संघटनेने प्रत्येकीला बक्षीस म्हणून कॉफीचे कप-बश्यांचा संच दिला! पुढे 2003 आणि 2007 असे लागोपाठ दोन विश्वचषक त्यांनी जिंकले.

इंग्लंडची बंदी उठायला 1970 साल उजाडलं, आणि असोसिएशनने माफी मागितली ती 2008 मध्ये. दरम्यान फिफाची वाट न पाहता 1971 मध्ये मेक्सिकोत बायकांची जागतिक स्पर्धा भरली. अझ्टेका स्टेडियममधल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक होते आणि डेन्मार्कच्या पंधरा वर्षांच्या सुसान ऑगस्टेसनने तिन्ही गोल करून मेक्सिकोला हरवलं. फिफाची पहिली अधिकृत स्पर्धा त्यानंतर वीस वर्षांनी, 1991 मध्ये चीनमध्ये झाली. तिला 'विश्वचषक' म्हणायला तेव्हा फिफा कचरत होती, आणि सामनेही नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचेच ठेवले होते. गुडिसन पार्कच्या 53,000 ना महिला क्लब सामन्यात कुणी मागे टाकायला 2019 उजाडलं. त्या वर्षी माद्रिदमध्ये ॲटलेटिको आणि बार्सिलोनाच्या सामन्याला साठ हजारांवर प्रेक्षक आले. 2022 मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर हा आकडा 91,648 झाला.

भारतात बंदीचा ठराव कुणी केला नाही. 1975 मध्ये महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली, त्याच वर्षी उत्तर प्रदेशात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आशियाई चषक स्पर्धेत भारत दोनदा उपविजेता ठरला, त्यातली एक स्पर्धा केरळात कालिकतला झाली होती. नंतर ही संघटना पुरुषांच्या महासंघात विलीन झाली आणि सामने इतके आटले की खेळतच नाही म्हणून भारताचं नाव फिफाच्या क्रमवारीतून काढलं गेलं. मैदान होतं, पण त्यावर सामना लावणारं कुणी नव्हतं. राष्ट्रीय लीग सुरू व्हायला 2016-17 चा हंगाम उजाडला.

2022 मध्ये आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, पण कोविडमुळे भारताचा संघच पुरेसा उरला नाही आणि घरच्या मैदानावर माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नाशिकहून सकाळी निघून रात्री परत येता येईल, इतक्या अंतरावर. जुलै 2025 मध्ये भारताने चियांग माईला थायलंडला त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत पहिल्यांदाच जागा मिळवली. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे.