तापाच्या रुग्णासाठी व्हिडिओ सल्ला: पात्रता, कागदपत्रे आणि डॉक्टरांना द्यायचा लक्षणांचा गोषवारा

पावसाळा सरता सरता नागपुरात तापाचे रुग्ण वाढतात आणि मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत उभं राहायला जागा उरत नाही. अशा वेळी केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं, तेही मोफत. नोंदणीला फार वेळ लागत नाही. अडतं ते पुढे, डॉक्टर पडद्यावर आल्यावर. त्यांना नाडी हातात घेता येत नाही, पोट दाबून पाहता येत नाही. आपण सांगू तेवढंच त्यांच्यापर्यंत पोहोचतं. म्हणून आठ-दहा ओळींचा गोषवारा आधी लिहून ठेवावा. तो कसा लिहायचा ते इथे तापाचं उदाहरण घेऊन सांगते.

कोणाला घेता येतो, कोणी घेऊ नये

टेलिमेडिसिनची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मार्च 2020 मध्ये आली. त्यांनुसार रुग्णाने स्वतः कॉल केला की त्याची संमती धरली जाते. रुग्ण 16 वर्षांचा किंवा त्याहून लहान असेल तर सोबत मोठं माणूस हवं आणि त्याची ओळखही डॉक्टर विचारतात. म्हाताऱ्या आईवडिलांच्या वतीने तुम्ही बोलू शकता, पण त्यांना शेजारी बसवूनच बोला.

तापासोबत श्वास लागत असेल, रुग्ण गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, सारखी उलटी होत असेल, पोटात जोरात दुखत असेल, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, लघवी फारच कमी झाली असेल, तर व्हिडिओची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच धोका वाढू शकतो. तेव्हा 'ताप गेला, पण माणूस जास्तच मलूल झालं' हेही धोक्याचंच लक्षण समजा.

काय जवळ ठेवायचं

ओटीपी येईल तो मोबाईल, रुग्णाचं नाव, वय, पत्ता आणि आभा हा सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक असेल तर तो. जुन्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे रिपोर्ट उजेडात, सपाट ठेवून फोटो काढा. चालू गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो काढताना नाव आणि मिलिग्रॅम वाचता यायला हवेत. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. थर्मामीटर, टॉर्च आणि घरी असेल तर शुगरचं मशीन हाताशी ठेवा.

नोंदणी esanjeevani.mohfw.gov.in वर किंवा ॲपवर मोबाईल नंबर टाकून होते. माहिती भरायची, कागद जोडायचे आणि आपल्या नंबराची वाट पाहायची. ही वाट पाहण्याची वेळ गोषवारा पुन्हा एकदा वाचून घ्यायला वापरा.

गोषवारा: काकूंचं उदाहरण

आमच्या मानेवाड्यातल्या शेजारच्या काकूंना मागच्या वर्षी ताप आला. वय 58, मधुमेह आणि बीपी दोन्ही. 'डॉक्टरांना काय सांगणार?' असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "चार-पाच दिवसांपासून ताप कमी-जास्त होते, अंग दुखते, अशक्तपणा आहे." यात खोटं काही नव्हतं, पण या वाक्यावरून डॉक्टरांना काही ठरवता आलं नसतं.

पहिला प्रश्न दिवसांचा. ताप नेमका कधी सुरू झाला? आठवत नसेल तर त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते आठवा. काकूंना आठवलं: सोमवारी संध्याकाळी दिवा लावताना थंडी वाजली. कॉल शुक्रवारी सकाळी होता, म्हणजे पाचवा दिवस. हा आकडा महत्त्वाचा असतो, कारण डेंग्यूची एनएस-1 तपासणी साधारण पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते आणि त्यानंतर आयजीएम तपासणीकडे वळावं लागतं. दिवस चुकला की तपासणी चुकते आणि पैसेही जातात.

दुसरं म्हणजे तापाचा आकडा आणि त्याला जोडून गोळीची वेळ. पॅरासिटामॉल घेतल्यावर तासाभराने मोजलेला 99 फसवा असतो. गोळी घेण्याआधी मोजा आणि दोन्ही वेळा लिहा.

तिसरं, न सांगितलेली औषधं. काकूंना मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अंग ठणकत होतं ना वं, मेडिकलमधून एक गोळी आणली." ती डायक्लोफेनॅक निघाली. डेंग्यूची शंका असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोणी रागावेल म्हणून हे लपवू नका.

चौथं, गेल्या तीन आठवड्यांत कुठे गेला होतात ते. काकू बारा दिवसांपूर्वी काटोलकडे भावाच्या शेतात गवत काढायला गेल्या होत्या. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो आणि ताप साधारण दहा दिवसांनी येतो. विदर्भाने 2018 साली त्याची मोठी साथ पाहिली आहे. चावल्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली पडते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि बहुतेकदा काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली असते. कॅमेऱ्यापुढे हे शोधायला संकोच होतो, म्हणून कॉलच्या आधी घरातल्या बाईमाणसाने टॉर्च घेऊन पाहावं. काकूंच्या डाव्या काखेत ती सापडली.

शेवटी आम्ही हे लिहिलं:

> स्त्री, 58 वर्षे, वजन 64 किलो. मधुमेह 9 वर्षे, बीपी 5 वर्षे.
> मुख्य तक्रार: ताप, आज पाचवा दिवस (सोमवार संध्याकाळपासून), थंडी वाजून.
> काल रात्री 9 ला 103, मग पॅरासिटामॉल 650. आज सकाळी 6 ला गोळीआधी 101.2.
> सोबत: डोकं आणि अंग खूप दुखतं. डाव्या काखेत काळी खपली, दुखत नाही (फोटो जोडला).
> नाही: श्वास लागणे, उलटी, रक्त, पुरळ. लघवी नेहमीसारखी.
> 12 दिवसांपूर्वी शेतात गवत काढलं.
> रोजची औषधं: मेटफॉर्मिन 500 दोनदा, टेल्मिसार्टन 40 एकदा. बुधवारी डायक्लोफेनॅक एक गोळी.
> उपाशीपोटी शुगर आज 168. औषधाची ॲलर्जी माहीत नाही.
> प्रश्न: कोणत्या तपासण्या करायच्या आणि प्रत्यक्ष दाखवायला आजच जावं का?

'नाही' ही ओळ बहुतेक लोक गाळतात. पण जे लक्षण नाही ते लिहिलं की डॉक्टरांचे पाच-सहा प्रश्न वाचतात, आणि राहिलेला वेळ खपली नीट पाहायला मिळतो. लक्षणांच्या जागी निदान मात्र लिहू नका. 'डेंग्यू झालाय' लिहिलं की सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरतं.

डॉक्टरांनी खपलीचा फोटो मोठा करून पाहिला, काकूंना हात वर करायला लावला आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. स्क्रब टायफसची शंका पक्की असली की रिपोर्टची वाट न पाहता ते सुरू करतात. रक्ताच्या तपासण्या लिहिल्या आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवायला सांगितलं. मधुमेही माणसात किडनी-लिव्हरवर परिणाम झालाय का हे पडद्यावरून कळत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

चिठ्ठी आल्यावर

डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आहे का ते बघा. काही औषधं व्हिडिओवर मिळतच नाहीत. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखालची औषधं, उदाहरणार्थ झोपेसाठी घेतात ती अल्प्राझोलाम, डॉक्टर लिहू शकत नाहीत. त्यासाठी हट्ट धरू नका. गोषवाऱ्याचा कागद टाकून देऊ नका. काकूंनी तोच मेडिकलच्या ओपीडीत पुढे केला, आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून विचारायच्या ऐवजी सहाव्या ओळीपासून बोलायला सुरुवात केली.